काकूंच्या दारावरची दुधाची पिशवी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नागपूरला महाल भागात राहते. ३४ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. उन्हात काम करणाऱ्यांसाठी सूचना निघतात, दुपारी बाहेर पडू नका असं सांगितलं जातं, ते योग्यच आहे. पण माझं पत्र बाहेर न पडणाऱ्यांबद्दल आहे. घरातच असलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ऊन घरात येऊन गाठतं, आणि ते कोणाला दिसत नाही.

गेल्या नवतप्यातली गोष्ट. आमच्या समोरच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, वय ७८. मुलगा पुण्याला. सकाळी अकरा वाजून गेले तरी त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. मी वर गेले. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "रात्री झोप नाही गं, डोकं जड झालंय." दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या, लघवीही कमी होत होती. मी पाणी दिलं, पन्हं दिलं आणि परत आले. ती माझी चूक झाली. तो उष्माघात नव्हता, पण त्याच्या आधीची पायरी होती, आणि मी इतकी वर्षं रुग्ण पाहून ती ओळखली नाही.

त्यांच्या खोलीत कूलर सुरू होता, म्हणून मी निर्धास्त झाले. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ती दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी लागते. काकूंनी धुळीच्या भीतीने सगळ्या खिडक्या बंद ठेवल्या होत्या. खोलीत दमटपणा साठला, आणि अशा हवेत घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यात वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्रभर खाली सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावर आणि टिनाच्या छताखाली रात्रीसुद्धा शरीराला विसावा मिळत नाही. अशी तीन-चार दिवसांची झीज साठून एका संध्याकाळी माणूस कोसळतो. दुपारचा आकडा सगळे बघतात. मला रात्रीच्या तापमानाची जास्त धास्ती वाटते.

संध्याकाळी पाचला मी फोन केला. काकू मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या, बोलणं अडखळत होतं. धावत गेले. अंग चटका बसावा असं तापलेलं, कातडी कोरडी, काखेत थर्मामीटर लावला तर १०५. काखेतलं माप आतल्या तापमानापेक्षा कमीच दाखवतं. ताप १०४ च्या वर आणि सोबत बडबड, गोंधळ, झटके किंवा शुद्ध हरपणं, म्हणजे उष्माघात. घाम थांबेपर्यंत वाट बघू नये. उन्हात राबणाऱ्या माणसाला उष्माघात झाला तरी तो घामाने चिंब असू शकतो. खरी खूण डोक्याची आहे: माणूस नीट बोलतो का, आपल्याला ओळखतो का.

खालच्या एकाने कांद्याचा रस आणला, एकाने तापाची गोळी पुढे केली, एकजण लिंबू-पाणी तोंडात घालायला निघाला. तिन्ही मी थांबवलं. हा जंतूंमुळे येणारा ताप नाही, त्यामुळे त्या गोळीचा इथे उपयोग नाही. आणि शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ ला फोन लावायला सांगून आम्ही काकूंना फरशीवर घेतलं, साडी सोडली, माठातलं आणि बादलीतलं पाणी अंगभर ओतत राहिलो आणि टेबलफॅन थेट अंगावर सोडला. मे महिन्यात टाकीचं पाणी कोमटच येतं, पण ओल्या अंगावर वारा लागला की तेही काम करतं. शेजाऱ्यांच्या फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर ताप १०२ वर आला होता, आणि काकूंनी मला माझ्या नावाने हाक मारली.

ती पंचवीस मिनिटं आम्ही नुसती वाट बघत बसलो असतो तर मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांचं कायमचं नुकसान होऊ शकलं असतं. मंत्रिमहोदय, उष्माघातात आधी अंग थंड करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासावर सगळं अवलंबून असतं, आणि तो अर्धा तास दवाखान्याबाहेर शेजाऱ्यांच्या हातात असतो.

म्हणून माझी विनंती अशी. मार्च संपायच्या आत प्रत्येक आशाताईकडे तिच्या भागातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी असावी. वरच्या मजल्यावरची, टिनाखालची आणि अंथरुणाला खिळलेली माणसं त्यात सगळ्यात वर असावीत. ऑरेंज अलर्ट लागला की त्या दारांवर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर कोणीतरी जावं. भर दुपारी आशाताईंना फिरवू नये, आणि या भेटींचं मानधन वेगळं द्यावं. दारातून "बरं आहे ना?" विचारून परतू नये. आत जावं, खिडकी बघावी, हाताला हात लावावा, आज काय खाल्लं आणि लघवी किती वेळा झाली ते विचारावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मानसिक आजाराची काही औषधं उन्हाळ्यात त्रास वाढवतात. ती मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांनी मात्रा तपासून द्यावी, ही सोय आरोग्य केंद्रातच व्हावी. तिथे गुदद्वारातून ताप मोजायचा थर्मामीटर, बर्फ आणि पंखा तयार असावा. नुसता उष्माघात कक्षाचा फलक लावून भागत नाही.

आणि मोजणी. घरात दगावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा वार्धक्य लिहिलं जातं. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातले सगळेच मृत्यू इतर वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा १३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त निघाले. त्या उन्हाळ्याच्या अनुभवातूनच २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात मे महिन्याचे एकूण मृत्यू आठवड्यागणिक असे ताडून बघितले, तर घरातली ही माणसं कागदावर दिसतील.

काकू बऱ्या आहेत. यंदा मुलाने एप्रिलमध्येच येऊन गच्चीला चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावला आणि कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी राहील अशी जाळी बसवली. आमच्या गल्लीत अशी एकट्या वृद्धांची अकरा घरं आहेत. त्यांची यादी मी स्वतः करून आरोग्य केंद्रात दिली आहे. पलीकडच्या गल्लीची यादी अजून कोणाकडेच नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
महाल, नागपूर