विषय: वेळेत भरलेल्या मेंटेनन्सवर लावलेले व्याज आणि त्यावरून बंद केलेली तक्रार नोंदणी

दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५
ठाणे

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

आमच्या गृहनिर्माण सोसायटीची नोटीस, मेंटेनन्सची वसुली आणि तक्रारींची नोंद ही तिन्ही कामे आम्ही तुमच्या वेबसाइटवर करतो. त्यासाठी वर्षाची फी आगाऊ भरली आहे. तुमच्या फोनवरच्या मदतनिसांनी दरवेळी "सिस्टिम बरोबरच आहे" असे सांगितले, म्हणून सोसायटीचा खजिनदार या नात्याने हे लेखी देत आहे. सोबत एका सभासदाचा पूर्ण हिशेब मांडतो. तो नीट पाहावा, बाकीच्यांचे दुखणे त्यातच आहे.

आमच्याकडे सगळे फ्लॅट सारखे आहेत आणि बिल तिमाही, १०,८०० रुपयांचे. एप्रिल ते जून या तिमाहीच्या बिलाची शेवटची तारीख ३० एप्रिल होती. वरच्या मजल्यावरील या सभासदांनी त्याच दिवशी रात्री पावणेदहाच्या सुमारास तुमच्या पानावरून यूपीआयने पैसे भरले. खात्यातून रक्कम लगेच वजा झाली, बारा अंकी व्यवहार क्रमांक आला, पानावर "पेमेंट यशस्वी" असेही झळकले. पावती मात्र २ मे तारखेची निघाली, कारण १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने तुमच्या पेमेंट गेटवेने पैसे आमच्या बँकेत शुक्रवारी, २ मे रोजी जमा केले. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या दिवशी ७५,६०० रुपयांची एकच ओळ आहे. सात जणांचे पैसे एकत्र आले आहेत, आणि ते वेगळे ओळखायचे तर तुमच्या सेटलमेंट रिपोर्टमधले व्यवहार क्रमांक ताडून पाहावे लागतात. मी ते पाहिले. सातही जणांनी ३० एप्रिललाच पैसे भरले होते आणि सातही जणांना व्याज लागले आहे.

तुमच्याकडचे उत्तर असे की रक्कम सोसायटीच्या खात्यात ज्या दिवशी येते तीच भरणा तारीख. हे आम्हाला मान्य नाही. चेकने पैसे आले तर आम्ही चेक हातात पडल्याच्या तारखेची पावती देतो, त्यावर "चेक वटण्याच्या अधीन" असा शिक्का मारतो आणि चेक वटला की तीच तारीख धरतो. क्लिअरिंगला लागलेले दिवस सभासदाच्या माथी मारत नाही. गेटवे तुम्ही निवडलेला, करार तुमचा. मधल्या दोन दिवसांचा भुर्दंड सभासदाने का सोसायचा?

बरे, क्षणभर दोन दिवस उशीर झाला असे धरू. आमच्या सर्वसाधारण सभेचा ठराव द.सा.द.शे. २१ सरळ व्याजाचा आहे आणि तेही उशीर झालेल्या दिवसांपुरते. आदर्श उपविधींत हीच कमाल मर्यादा आहे आणि तिथेही व्याज सरळच म्हटले आहे. या दराने १०,८०० रुपयांवर दोन दिवसांचे व्याज होते १२ रुपये ४३ पैसे. तुम्ही लावले १८९ रुपये. एक दिवस उलटला तरी तुमचे गणित पूर्ण महिना धरते, हा आकडा पाहताच लक्षात येते. ठरावाची प्रत सुरुवातीलाच तुम्हाला दिली होती.

खरा घोटाळा पुढच्या बिलात झाला. जुलैच्या बिलात १०,८०० अधिक मागील १८९ असे १०,९८९ रुपये दाखवले होते. सभासदांना ते १८९ मान्य नव्हते, म्हणून त्यांनी १२ जुलैला नेमके चालू तिमाहीचे १०,८०० भरले. पूर्वी आमच्या भरणा चिठ्ठीवर "कोणत्या बिलापोटी" असा रकाना होता. तुमच्या पानावर तो नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ प्रमाणे, देणेकऱ्याने पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर ते तिकडेच वळते करावे लागतात. इथे सांगायचीच सोय नाही. तुमच्या सिस्टिमने आधी १८९ व्याजात घेतले, उरलेले १०,६११ बिलात टाकले आणि १८९ रुपये मूळ मेंटेनन्सची बाकी म्हणून उभे केले. वादातले व्याज असे मुद्दल झाले. मग ऑगस्ट आणि सप्टेंबरचे त्यावर आणखी ६ रुपये ६२ पैसे. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण याला सरळ व्याज म्हणत नाहीत, आणि बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ते समजावून सांगायला जाऊ नये.

१ ऑगस्टला या १८९ रुपयांपायी सभासदांच्या नावापुढे "थकबाकीदार" अशी लाल पट्टी आली. ती यादी लॉगिन असलेल्या प्रत्येक घराला दिसते. सहकार कायद्यात थकबाकीदार हा साधा शब्द नाही. त्यावरून माणूस कमिटीच्या निवडणुकीला अपात्र ठरतो. ते ठरवणे कमिटीचे काम आहे, तुमच्या सॉफ्टवेअरचे नव्हे.

त्याच महिन्यात गच्चीतून त्यांच्या बेडरूममध्ये पाणी गळू लागले. ते तक्रार नोंदवायला गेले तर "थकबाकी भरल्याशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही". गच्चीची गळती दुरुस्त करणे उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी आहे, सभासदाची नाही. तक्रार स्वीकारायलाच नकार देण्याचा अधिकार आम्हालाही नाही, मग तुम्हाला कुठून आला? अशी अट आम्ही कधी मागितली नव्हती. चौकशी केल्यावर कळले की ती मुळातच चालू ठेवून देता. शेवटी त्यांनी कागदावर अर्ज दिला आणि आम्ही तो जुन्या आवक रजिस्टरला नोंदवला. उद्या प्रकरण निबंधकांकडे गेले तर पहिल्या तक्रारीची तारीख म्हणून तीच दाखवावी लागेल, तुमच्या वेबसाइटवर काहीच नाही.

नोटिशीबद्दल थोडक्यात. वार्षिक सभा २८ सप्टेंबरला होती, नोटीस १२ सप्टेंबरला लावली, म्हणजे पूर्ण चौदा दिवसांची मुदत दिली. ती १९ तारखेला पानावरून आपोआप नाहीशी झाली, कारण सात दिवसांनी नोटीस उतरवण्याची तुमची ठरीव सोय. नशीब, खाली फलकावर कागद चिकटवला होता.

तुमच्या मदतनिसांनी सुचवलेला उपाय असा की दोन दिवसांची सवलत ठेवा. ते करणार नाही. मुदत बदलायची तर सभेचा ठराव लागतो, आणि सवलतीने फक्त सुट्टीची अडचण झाकली जाईल. पूर्ण महिन्याचे व्याज आणि व्याजाचे मुद्दल होणे तसेच चालू राहील.

आम्हाला हवे ते असे. भरणा तारीख म्हणून सभासदाच्या व्यवहाराची तारीख धरावी आणि बँकेत जमा झाल्याची तारीख वेगळ्या रकान्यात दाखवावी. व्याजाचे खाते मुद्दलापासून वेगळे ठेवावे, भरताना बिल निवडता यावे. १ एप्रिलपासूनची सर्व खाती या पद्धतीने पुन्हा काढावीत. चुकीच्या नोंदी पुसू नका, त्यांच्या उलट नोंदी टाका, कारण लेखापरीक्षकांना दोन्ही दिसल्या पाहिजेत. थकबाकीदारांची यादी आणि तक्रारीवरचे कुलूप आजच बंद करावे. त्याला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, एक खूण काढायची आहे.

बाकीच्या दुरुस्तीसाठी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस देत आहोत. तोवर सभासदांना कार्यालयात चेक देण्यास सांगितले आहे. दुरुस्ती झाली नाही तर आमच्या सर्व नोंदी एक्सेलमध्ये परत द्याव्यात आणि उरलेल्या महिन्यांची फी परत करावी. तेही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याचा ठराव कमिटीने केला आहे.

आपला,
खजिनदार

सोबत : सेटलमेंट रिपोर्ट, २ मेचे बँक स्टेटमेंट, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरची बिले, व्याजाच्या ठरावाची प्रत