बाळंतिणीचा एक 'नॉर्मल' रिपोर्ट पुरेसा नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्यात रक्तदाब, टाके आणि हिमोग्लोबिन पाहून बाईला घरी पाठवलं जातं. थायरॉइडचा दाह मात्र बहुतेक वेळा त्यानंतर डोकं वर काढतो. साधारण शंभरातल्या पाच बाळंतिणींना तो होतो. मूल अंगावर पीत असतं, रात्रीची झोप नसते, त्यामुळे प्रत्येक तक्रारीला 'बाळंतपणाचा थकवा आहे' हे उत्तर तयारच असतं.

गर्भारपणात आवरती राहिलेली प्रतिकारशक्ती प्रसूतीनंतर पुन्हा जोर धरते. ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची टीपीओ प्रतिपिंडं आधीपासून असतात, त्यांच्या ग्रंथीवर ती उलटते. ग्रंथीत काही आठवड्यांचं संप्रेरक साठवलेलं असतं. पेशींना इजा झाली की तो साठा रक्तात गळू लागतो आणि संप्रेरक जास्त झाल्याची लक्षणं दिसतात. साठा संपला आणि जखमी ग्रंथीला नवं संप्रेरक पुरेसं बनवता आलं नाही, की ते कमी पडतं. पहिला टप्पा बहुधा पहिल्या सहा महिन्यांत येतो, दुसरा चौथ्या ते आठव्या महिन्याच्या आसपास. दोन्ही टप्पे प्रत्येकीला येतातच असं नाही. अनेकींना फक्त दुसराच येतो.

आमच्याकडे येणारा एक नमुनेदार क्रम पाहा. दहाव्या आठवड्यात छातीत धडधड, हातांना कंप, चिडचिड, भरपूर जेवूनही वजन उतरतं. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच, जे थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की घटतं आणि कमी पडलं की वाढतं, ०.०२; थायरॉइडचं संप्रेरक फ्री टी-४ थोडं वाढलेलं. इथे पहिली चूक होते: कार्बिमाझोल सुरू केलं जातं. ते नवं संप्रेरक बनणं थांबवतं, पण इथे जुना साठा गळतोय, म्हणून त्याचा उपयोग होत नाही. धडधडीसाठी थोडे दिवस प्रोप्रॅनोलॉल पुरतं आणि ते घेताना अंगावर पाजता येतं. ग्रंथी खरोखरच जास्त संप्रेरक बनवते तो ग्रेव्ह्जचा आजार वाटला, डोळे पुढे आल्यासारखे दिसले, तर टीएसएच रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं तपासावीत. पाजणाऱ्या आईला किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन देऊ नये.

सोळाव्या आठवड्यात पुन्हा तपासलं, तर टीएसएच १.८. सगळं ठीक आहे म्हणून फाइल बंद होते. दुसरी चूक ही, आणि आमच्या मते हीच मोठी. खालून वर चढणारा टीएसएचचा आकडा मधे कधीतरी नॉर्मल पट्ट्यातून जाणारच. आपण नेमकं त्या क्षणी रक्त घेतलेलं असतं. सहाव्या महिन्यात तीच बाई सुस्त असते. थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, दूध कमी झाल्यासारखं वाटतं, बोलताना शब्द आठवत नाहीत. आता टीएसएच ३८. मधल्या काळात तिला कुणी आळशी म्हटलेलं असतं, कुणी नैराश्याच्या गोळ्या दिलेल्या असतात.

अशा वेळी कमी पडलेलं संप्रेरक भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी लागते. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवायची. बाळंतीण या दोन्ही गोळ्या बहुधा घेतच असते. त्या एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी शोषली जात नाही आणि डोस विनाकारण वाढवला जातो. आणखी एक बारीक गोष्ट: केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्या बाईच्या रिपोर्टमध्ये काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी दिसतं. म्हणून रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवायला सांगावं.

सरसकट सगळ्या बाळंतिणींची तपासणी करा, असं आम्ही म्हणत नाही. टीपीओ प्रतिपिंडं असलेल्या, टाइप १ मधुमेह असलेल्या किंवा मागच्या बाळंतपणात हा त्रास झालेल्या प्रत्येकीचं टीएसएच तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात व्हावं. इतर बाळंतिणींपैकी जिला वर्षभरात कधीही धडधड, न थांबणारी सुस्ती किंवा नैराश्य जाणवेल, तिचं टीएसएच आणि फ्री टी-४ एकाच वेळी व्हावं. ज्यांचं टीएसएच एकदा कमी आलं, त्यांचा आकडा नॉर्मल झाल्यावरही चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावा, लक्षणं दिसली तर त्याआधीच. बऱ्याच जणींची ग्रंथी वर्षभरात सावरते, पण काहींची कायमची मंदावते. म्हणून पुढे दरवर्षी एक टीएसएच आणि पुढच्या गर्भारपणाआधी एक.

बाळाला लस द्यायला आई येतेच. तिच्या कार्डावर 'धडधड? थंडी? सुस्ती?' असे तीन चौकोन आणि मागच्या टीएसएचची तारीख लिहायला एक ओळ छापावी, एवढी आमची मागणी आहे.

आपले,
थायरॉइडच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि प्रसूतीनंतरच्या सेवेतील परिचारिका