सोने कोणाच्या तिजोरीत आहे? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मार्च २०२२ अखेर रिझर्व्ह बँकेच्या सोन्यापैकी ३०० टनही देशात नव्हते. मार्च २०२५ अखेर एकूण सुमारे ८८० टनांपैकी ५१२ टन देशात होते. सोने मायदेशी आणण्याचा हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र घरात आणलेले सोने अडचणीच्या दिवशी कामाला कसे येणार, यावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांनी गोठवले. त्यासाठी कोणाला मॉस्कोला जावे लागले नाही. परकीय गंगाजळी म्हणजे बहुतांशी दुसऱ्याच्या वहीतली नोंद असते: कुणाचे कर्जरोखे, कुणाकडची ठेव. रशियाच्या गोठवलेल्या रकमेतला मोठा वाटा ब्रुसेल्सच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे होता. रोख्यांची मुदत संपली की पैसे यायचे, पण ते मालकाला द्यायला मनाई, म्हणून तिथेच साचत गेले. त्या साचलेल्या रकमेवरचा नफा युक्रेनसाठी वापरायचे युरोपीय संघाने २०२४ मध्ये ठरवले. रशियाचे सुमारे २,३०० टन सोने मात्र त्याच्याच तिजोऱ्यांत होते. तिथे कोणाचा हात पोहोचला नाही. हे सगळ्या देशांनी पाहिले. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत जगातल्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

पण नुसते सोने घेऊन भागत नाही, हे व्हेनेझुएलाने भोगले. २०११ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी परदेशातले सुमारे १६० टन सोने मायदेशी आणायला सुरुवात केली. काही भाग मात्र बँक ऑफ इंग्लंडमध्ये राहिला. २०१८ च्या अखेरीस चावेझ यांच्यानंतर आलेल्या मादुरो यांच्या सरकारने तिथले सोने परत मागितले, ते मिळाले नाही. २०१९ मध्ये ब्रिटनने विरोधी नेते ग्वायदो यांना अंतरिम राष्ट्राध्यक्ष म्हणून मान्यता दिली आणि वाद कोर्टात गेला. सोने कोणाचे, यापेक्षा त्या देशाच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाला, हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर ब्रिटिश सरकारच्या मान्यतेवर ठरणार, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले. २०२३ च्या सुरुवातीला ग्वायदोंचे अंतरिम सरकारच बरखास्त झाले, तरी ते सुमारे ३१ टन हलले नाहीत. साधारण साडेबारा किलोच्या अडीच हजार विटा! मालकी निर्विवाद व्हेनेझुएलाची, किल्ली लंडनची. देशात असलेले सोने मात्र तेच सरकार विकून खर्च भागवत राहिले.

आता दुसरी बाजू. घरातली वीट जप्त होत नाही, पण ती सहज खपतही नाही. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या सराफा बाजार संघटनेने रशियन शुद्धीकरण कारखान्यांची मान्यता स्थगित केली. त्यानंतर ओतलेली रशियन वीट लंडनच्या बाजारात चालेनाशी झाली. त्याच महिन्यात अमेरिकेने बजावले की रशियाच्या मध्यवर्ती बँकेशी केलेला सोन्याचा व्यवहारही निर्बंधांत येतो. असे सोने मग निर्बंध न मानणाऱ्या गिऱ्हाइकालाच विकावे लागते, आणि विकणाऱ्याची अडचण त्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते.

निर्बंध नसतानाही अंतर आडवे येतेच. १९९१ मध्ये आपल्याकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते, तेव्हा सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी पाठवावे लागले. त्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. सोने घरात होते, पण सावकाराच्या तिजोरीत पोहोचल्याशिवाय त्याचे डॉलर झाले नाहीत. एकदा बाहेर काढलेली वीट लंडनच्या मान्यताप्राप्त तिजोऱ्यांच्या साखळीत परत न्यायची तर तिचे वजन आणि शुद्धता पुन्हा तपासली जाऊ शकते, त्यात वेळ जातो.

म्हणून आपल्याकडे तीन मागण्या. देशातल्या सोन्यापैकी किती विटा लंडनच्या मानकाच्या, म्हणजे हजारात किमान ९९५ भाग शुद्धतेच्या आणि मान्यताप्राप्त कारखान्याच्या शिक्क्याच्या आहेत, हे रिझर्व्ह बँकेच्या सहामाही अहवालात यावे. परदेशात ठेवायचे सोने एकाच देशाच्या कायद्याखाली राहू नये. आणि किती टन बाहेर ठेवायचे, हे किती आठवड्यांच्या आयातीसाठी तातडीने डॉलर उभे करायचे आहेत त्यावरून ठरवून तो हिशेब संसदेसमोर ठेवावा.

आपला विश्वासू,
एक नागरिक