शब्दकोशातला पहिला अर्थ आणि सातबाऱ्यावरचं कूळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मोबाईलवरच्या शब्दकोशांबद्दल वाचलं. शब्द टाकला की लगेच अर्थ मिळतो, आता जाडजूड डिक्शनरी कुणी उघडत नाही वगैरे. ते खरंच आहे, मी पण वापरते. पण लगेच मिळतो तो पहिला अर्थ असतो आणि तोच पहिला अर्थ माणसाला कसा चुकीच्या वाटेला लावतो हे गेल्या महिन्यात अगदी जवळून बघितलं, म्हणून हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, रिटायर झाल्यावर लोक कागद वाचून घ्यायला येतात. शेजारच्या काकूंची मुलगी जर्मनीत असते. वडील गेल्यानंतर शेताला वारस म्हणून आई, ती आणि भाऊ अशी तिघांची नावं लागली. आता जमीन विकायचा विचार चाललाय, तिला तिकडूनच भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवायचं होतं, आणि तिकडच्या वकिलाला सातबारा इंग्रजीत पाहिजे होता. भावाने शहरातल्या एका भाषांतरवाल्याकडून तो करून घेतला, शिक्का वगैरे मारून. दुसऱ्या दिवशी मुलीचा आईला फोन, "आई, हे फॅमिली नेमच्या पुढे कुणाचं नाव आहे, हे आपले कोण लागतात?" काकूंना काही कळेना, त्या दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला बसले. सातबाऱ्यावर एक रकाना असतो, "कुळाचे नाव, खंड व इतर अधिकार". त्याचं इंग्रजी केलं होतं फॅमिली नेम, पार्ट आणि अदर राइट्स. आता कूळ शब्द डिक्शनरीत काढला तर पहिला अर्थ वंश, घराणं, फॅमिली हाच येतो, आणि तो चूक पण नाही, आपण कुळधर्म कुलाचार म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. पण सातबाऱ्यावरचं कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस, टेनंट. खंड म्हणजे तो मालकाला देतो ती रक्कम किंवा धान्य. म्हणजे त्या रकान्यात ज्याचं नाव होतं तो यांचा कुणी लांबचा चुलता आजोबा नव्हता, यांच्या आजोबांच्या काळात ते शेत कसणारा माणूस होता आणि त्याचं नाव इतर अधिकारात अजून तसंच होतं.

हा फरक किती मोठा आहे ते ज्याच्या घरात कुळाची केस झालीय त्याला सांगायला नको. आपल्याकडे 1948 चा कुळ कायदा आहे, त्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरला आणि त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसत होता तो काही अटींवर जमिनीचा मालक झाला असं मानलं गेलं. म्हणजे कुळाचं नाव नुसतं पडून राहिलेलं आहे की त्यामागे खरंच हक्क शिल्लक आहे हे जुने फेरफार काढून बघितल्याशिवाय विकत घेणारा पुढे जाऊच नये. आणि इंग्रजी कागदावर तिथे फॅमिली नेम! जर्मनीतल्या वकिलाला वाटणार आडनावाचा रकाना आहे, तो पुढच्या ओळीवर जाणार. त्याची काय चूक?

दुसरी गोष्ट त्याहून बारीक होती. भावाच्या नावापुढे अजून "अ.पा.क. आई" असा शेरा आहे. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. भाषांतरवाल्याने निदान त्याचा लाँगफॉर्म शोधला हे मानते मी, पण मग अज्ञान शब्द डिक्शनरीत बघितला, पहिला अर्थ इग्नोरन्स, आणि लिहिलं इग्नोरंट गार्डियन मदर. काकूंना मी हे वाचून दाखवलं नाही, कशाला दाखवायचं. आयुष्यभर एकटीने शेत सांभाळलेल्या बाईला कागदावर अडाणी म्हटलं होतं. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेला, मायनर. गंमत बघा, याचा उलट शब्द सज्ञान आपण रोज बोलतो, पोरगा सज्ञान झाला म्हणतो तेव्हा तो ज्ञानी झाला असं कुणीच समजत नाही, पण अज्ञान दिसलं की मात्र शाळेतला अर्थच डोक्यात येतो. आणि इथे पण नुसता अपमानाचा प्रश्न नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याप्रमाणे मुलगा अज्ञान असताना त्याची स्थावर मिळकत पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून घेणारा हा शेरा बघून पहिला प्रश्न विचारतो, मुलगा आता सज्ञान आहे का, वयाचा दाखला आहे का, आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन शेरा कमी करून घेतलाय का. इग्नोरंट वाचून हे प्रश्न कुणाला सुचणार?

तिसरा शब्द आकार. त्याचं केलं होतं शेप. हा तसा बिनधोक म्हणायचा, कारण शेपच्या पुढे 3.25 आकडा बघून कुणीही थांबेल, आकाराला आकडा कसला? आकार म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, रुपये आणि पैशात, इथे तीन रुपये पंचवीस पैसे. शेजारी क्षेत्र 0.84 हेक्टर, म्हणजे दोन एकराच्या थोडं वर. पण आकाराला अजून काम आहे. कुळ कायद्याखाली मिळालेली जमीन विकायची असेल तर 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असली तर आकाराच्या 40 पट नजराणा भरून विकता येते. 3.25 आकार असेल तर 130 रुपये. या कुटुंबाची जमीन त्यातली नाही, पण ज्याची आहे त्याने शेपची चाळीस पट कशी काढायची?

मला या सगळ्यातून एक कळलं ते असं, की जिथे चुकीचा शब्द वेड्यासारखा दिसतो तिथे धोका कमी असतो, वाचणारा अडखळतो, विचारतो. धोका आहे तो फॅमिली नेमसारख्या ठिकाणी, कारण फॉर्मवर फॅमिली नेम असतंच, पुढे माणसाचं नाव पण आहे, सगळं कसं बरोबर जमून दिसतं. त्याच कागदावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता तो बर्डन केला होता, वकिली इंग्रजीत तिथे चार्ज किंवा एन्कम्ब्रन्स म्हणतात, पण बर्डनने अर्थ पोचला, काही बिघडलं नाही. आणि पोटखराबा हा शब्द त्याला बहुतेक डिक्शनरीत मिळालाच नसावा, तो त्याने तसाच इंग्रजी अक्षरांत ठेवला. खरं सांगायचं तर अख्ख्या कागदात तोच शब्द सगळ्यात नीट होता, पुढे कंसात लागवडीला न येणारा भाग एवढं लिहिलं असतं की झालं.

उलट्या बाजूने पण तेच झालं. मुलीच्या वकिलाने मुखत्यारपत्राचा इंग्रजी मसुदा पाठवला, त्यात कन्सिडरेशन शब्द होता, म्हणजे जमीन किती कन्सिडरेशनला विकायची ते भावाने ठरवायचं. भावाने मोबाईलवर शब्द टाकला, विचार असं आलं, आणि त्याने आईला सांगितलं की ताई म्हणतेय विचार करून विक. काकू खूश, पोरगी किती समजूतदार. अहो पण तिथे कन्सिडरेशन म्हणजे मोबदला, पैसे! 1872 च्या करार कायद्यात याची व्याख्याच दिलीय, आणि मोबदल्याशिवायचा करार काही अपवाद सोडले तर रद्दबातल असतो, म्हणजे कराराचा जीवच तो. त्या कागदाने रक्कम ठरवायचा पूर्ण अधिकार भावाकडे जात होता आणि आईला वाटत होतं की लेकीने सल्ला दिलाय. भाऊ चांगला आहे म्हणून ठीक, पण सगळ्यांच्या घरात असं नसतं.

यात डिक्शनरी खोटं बोलते असं मी म्हणत नाही. तिला अख्ख्या भाषेचा शब्द सांगायचा असतो, म्हणून सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात जुना अर्थ आधी येतो आणि महसूल, कायदा, वैद्यक इथले अर्थ खाली दोन तीन नंबरला, बारीक अक्षरात असतात. पुस्तकात निदान ते डोळ्याला दिसतात. मोबाईलवर एकच शब्द मोठ्या अक्षरात येतो आणि बाकीचे बघायला अजून एक बटण दाबावं लागतं, ते कोण दाबतो.

उलटं तपासून बघा असं पण काही लोक सांगतात, म्हणजे मिळालेला इंग्रजी शब्द परत मराठीत काढायचा. मी करून बघितलं. टेनंट काढला तर पहिला आला भाडेकरू! म्हणजे शब्द बरोबर असूनही परत येताना कूळ सापडलंच नाही, उलट बरोबर शब्दावरच संशय यायचा. त्यापेक्षा त्या शब्दाच्या शेजारी काय आहे ते बघावं. आकाराच्या खाली रुपये पैशांचा आकडा आहे, कुळाच्या शेजारी खंड आहे, अज्ञानाच्या पुढे आई किंवा काका आहे, मग अर्थ आपोआप उलगडतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे तो कागद रोज हाताळणाऱ्याला विचारावं, आमच्या गावातला निवृत्त तलाठी हे सगळं दोन मिनिटांत सांगून मोकळा झाला.

आमच्या तालुक्यात आता घरटी एखादा पोरगा पोरगी बाहेर आहे, असे कागद भरपूर जातात. तुमच्या पुरवणीत सातबारा, आठ अ आणि फेरफारावरच्या नेहमीच्या शब्दांची, त्यांच्या महसुली अर्थासकट इंग्रजी यादी एकदा छापली तर लोक कापून ठेवतील, मी तर नक्की ठेवीन. एखाद्या निवृत्त तलाठ्याकडून आणि वकिलाकडून मिळून तपासून घ्या म्हणजे झालं.

काकूंच्या कागदाचं नवीन भाषांतर आम्ही बसून केलं. कुळाच्या नोंदीचे जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवलेत, ते अजून यायचेत, तोवर विक्री थांबवलीय.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा