नथ टोचायची की दाबाची, हे न सांगता विकलेल्या वधूच्या इमिटेशन दागिन्यांच्या संचाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचे नाव व पत्ता सोबतच्या बिलाप्रमाणे)

विषय : वर्णनाशी न जुळणारा नववधू दागिने संच परत न घेतल्याबद्दल, आणि वर्णनात दुरुस्ती करण्याबद्दल.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही २,४५० रुपयांना वधूचा इमिटेशन संच मागवला. त्यात ठुशी, चिंचपेटी, लक्ष्मीहार, झुमके, बुगडीची जोडी, बाजूबंदाची जोडी आणि नथ असे दागिने आहेत. संच मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तो परत करण्याची विनंती नोंदवली. "नाकाकानातले दागिने स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतले जात नाहीत" असे एका ओळीचे उत्तर आपण दिलेत आणि नथ त्याच संचात असल्यामुळे सगळा संचच नाकारलात. संच एकदाही अंगावर चढलेला नाही आणि नथीची सीलबंद पिशवीही फोडलेली नाही.

मूळ अडचण नथीची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. वर्णनात "सुंदर पेशवाई नथ समाविष्ट" एवढेच लिहिले आहे. नथ टोचलेल्या नाकासाठी आहे की दाबाची, याचा एकही शब्द नाही. छायाचित्र समोरून काढलेले आहे. त्या बाजूने तार आणि चाप दोन्ही नाकपुडीआड लपतात, त्यामुळे फोटो पाहून काही कळत नाही. आलेली नथ तारेची निघाली. नाक न टोचलेल्या मुलीला तिचा काहीच उपयोग नाही. टोचलेले नाक असले तरी प्रश्न सुटत नाही. पिशवीवरून व्हर्नियर लावून मोजले, तर या नथीची तार १.२ मिलिमीटर जाड भरते. रोज घालायच्या आमच्याकडच्या चमकीची दांडी ०.८ मिलिमीटर आहे. चमकीपुरते बारीक टोचलेल्या नाकातून ही तार जोर लावूनच जाईल, आणि ऐन लग्नाच्या सकाळी नाक सुजलेले कुठल्याही नवरीला परवडत नाही.

आपल्या मदत केंद्रातून फोनवर असे सुचवण्यात आले, की पकडीने तार वाकवून ती दाबाची करून घ्या. कृपया हा सल्ला कोणत्याही ग्राहकाला देऊ नका. मुलामा दिलेली तार वाकवली की बाकावरचा थर तडकतो, आतले पितळ उघडे पडून घामात कातडीला लागते आणि नाकपुडीवर हिरवट डाग उठतो. दोन-तीनदा उघड-मीट झाली की तार तिथेच तुटते. दाबाच्या नथीची घडणच वेगळी असते. तिच्या दोन टोकांना चपटे, गुळगुळीत पाय असतात आणि तारेत स्प्रिंगसारखा ताण असतो. ती नाकपुडीच्या कडेवरून जरा फाकवून सरकवायची असते. गरजेपेक्षा जास्त फाकवली तर ताण जातो आणि मग ती धरून राहत नाही.

यात वजनही आले. ही नथ पिशवीसह ९ ग्रॅम भरली, आणि रिकाम्या पिशवीचे वजन त्यात अर्धा ग्रॅमही नसेल. टोचलेल्या नाकात एवढी नथ घालायची तर मोत्याची सर केसात अडकवून तिला वरून आधार द्यावा लागतो. दाबाच्या नथीला एवढे वजन चालतच नाही, कारण घाम आला की ती घसरते. आमच्या अनुभवाने दाबाची नथ ४ ते ५ ग्रॅमच्या आत असेल तरच विधी संपेपर्यंत जागेवर राहते. बाजूचेही तसेच. मराठी नथ डाव्या नाकपुडीसाठी घडवतात. तिचा मोत्यांचा घोस ओठांकडे झुकतो आणि उजवीकडे घातली तर तो गालाकडे उलटतो. हेही वर्णनात यायला हवे, कारण महाराष्ट्राबाहेरच्या ग्राहकालाही आपण हाच संच विकता.

आता संचाच्या वजनाकडे वळतो. वर्णनात "वजन : ४६० ग्रॅम" असे छापले आहे. खोके उघडून प्रत्येक दागिना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला, तेव्हा ठुशी ३८, चिंचपेटी ३५, लक्ष्मीहार ७४, झुमक्यांची जोडी ३६, बुगडीची जोडी ८, बाजूबंदाची जोडी ४४ आणि नथ ९ ग्रॅम भरली. बेरीज २४४ ग्रॅम. उरलेले २१६ ग्रॅम मखमली खोक्याचे आणि आतल्या फोमचे आहेत. म्हणजे ग्राहकाला जे वजन सांगितले त्यातले जवळजवळ निम्मे खोक्याचे. कुरिअरसाठी तो आकडा ठीक आहे, पण दागिने घालणाऱ्या मुलीला प्रत्येक नगाचे वजन कळले पाहिजे. एका कानात १८ ग्रॅमचा झुमका पाच-सहा तास ओघळत राहिला तर पाळीचे भोक ताणले जाते. असा झुमका केसात अडकवलेल्या वेलाशिवाय घालू नये. आपल्या छायाचित्रात मॉडेलच्या कानावर वेल स्पष्ट दिसतो, संचात मात्र तो नाही.

फाशांबद्दल "अॅडजस्टेबल" हा एकच शब्द तिन्ही गळ्यातल्या दागिन्यांना लावला आहे. ठुशीला गोंड्याची दोरी आणि वर सरकणारा मणी आहे. ते योग्य आहे, तशी ठुशी कुठल्याही गळ्याला बसते. चिंचपेटीला मात्र हुक आणि मागे ५ सेंटिमीटरची साखळी आहे. तिचा मोत्यांचा पट्टा २६ सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण ताणली तरी ती ३१ सेंटिमीटरवर संपते. ज्या वधूसाठी संच घेतला तिच्या गळ्याचा घेर ३४ सेंटिमीटर आहे. चिंचपेटी गळ्याला चिकटून बसायचा दागिना. साखळी थोडी लांब असून ती खाली ओघळली तरी शोभा जाते, आणि आखूड पडली तर हुक लागतच नाही. म्हणून तिला दोरीच हवी. लक्ष्मीहाराचा भार तर एका एस आकाराच्या हुकावर आहे. हुकाला जोडलेल्या कडीचे तोंड डाख देऊन बंद केलेले नाही. नखाने ओढले तरी फट दिसते. ७४ ग्रॅमचा हार अशा कडीवर टांगला तर वाकून नमस्कार करताना ती उघडते. हुकाला चुंबक चिकटतो, त्यामुळे तो लोखंडाचा आहे आणि घामात गंजेल, हे उघड आहे. हाराच्या पुतळ्यांना चुंबक चिकटत नाही.

आपण परतावा नाकारल्यानंतर संच तीन आठवडे आपल्याच खोक्यात बंद होता. काल उघडला तेव्हा दोन्ही बाजूबंदांवर आडव्या तपकिरी रेषा उमटलेल्या दिसल्या. बाजूबंद फोमला घट्ट बसावेत म्हणून आपण रबर बँड लावले होते, आणि रेषा अगदी त्या रबराच्या जागी, तेवढ्याच रुंदीच्या आहेत. रबरात गंधक असते आणि ते तांब्याला काळवंडवते. सोन्याचा मुलामा स्वतः काळा पडत नाही, पण इमिटेशन दागिन्यावर तो इतका पातळ असतो की त्याच्या बारीक छिद्रांतून खालचे पितळ हवेला आणि गंधकाला सापडते. लक्ष्मीहाराच्या पुतळ्यांच्याही मागच्या कडा तपकिरी झाल्या आहेत, समोरची बाजू मात्र स्वच्छ आहे. लाखेचा पारदर्शक थर फक्त समोरून फवारला असावा, असा आमचा अंदाज आहे. कातडीला आणि घामाला तर मागचीच बाजू लागते.

"काळे पडल्यास टूथपेस्टने घासा" ही संचासोबतच्या कार्डावरची ओळ सर्वांत घातक आहे. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ती काळपटपणासोबत मुलामाही उतरवते आणि कृत्रिम मोत्यांवरचा चकाकीचा थर खरवडते. चिंच, लिंबू आणि रिठाही इथे चालत नाहीत. खऱ्या सोन्याची सवय घरोघरी असल्यामुळे लोक रिठ्याच्या पाण्यात दागिना टाकतात, आणि चिकटवलेले खडे त्यात सुटतात. कार्डावर खरे तर असे छापायला हवे : अत्तर, हेअरस्प्रे आणि मेकअप पूर्ण झाल्यावरच दागिने घाला. हळदीला घालू नका. काढल्यावर कोरड्या सुती कापडाने आधी मागची बाजू पुसा, तासभर पंख्याखाली मोकळे ठेवा, मग प्रत्येक नग वेगळ्या झिप पिशवीत हवा काढून ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका. कापसात गुंडाळू नका, तो ओल धरून ठेवतो. उतरलेला मुलामा घरी परत येत नाही, त्यासाठी पुन्हा प्लेटिंगच करावे लागते, हेही प्रामाणिकपणे लिहा.

आमच्या मागण्या अशा. नथ डाव्या नाकपुडीची, दाबाची आणि ५ ग्रॅमच्या आतली बदलून द्यावी. चिंचपेटी दोरीची द्यावी, लक्ष्मीहाराची कडी डाख देऊन आणि हुक पितळी करून द्यावा, डागलेले बाजूबंद बदलावेत. हे जमत नसेल तर संच आपल्या खर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. स्वच्छतेचे आपले धोरण चांगल्या, वर्णनाबरहुकूम मालासाठी ठीक आहे. न उघडलेल्या पिशवीतली चुकीची नथ त्यात बसत नाही.

वर्णन बदलायला आपल्याला फार कष्ट नाहीत. नथीपुरता मजकूर असा असावा : "नथ : दाबाची, नाक टोचलेले असण्याची गरज नाही. डावी नाकपुडी. वजन ४.५ ग्रॅम. पितळेवर सोनेरी मुलामा, कृत्रिम मोती." टोचायची असेल तर तारेची जाडी मिलिमीटरमध्ये द्यावी, आणि मुलाम्याखाली निकेलचा थर असल्यास तसे लिहावे, कारण काहींच्या कातडीला निकेलने खाज आणि पुरळ येते. वर्णनाच्या मथळ्यातले "१ ग्रॅम गोल्ड" हे शब्दही काढावेत. बाजारात ते मुलाम्याच्या दागिन्यांसाठी रुळले असले तरी संचात एक ग्रॅम सोने आहे असाच अर्थ नवा ग्राहक घेतो.

याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू. बिल, प्रत्येक नगाचे काट्यावरचे फोटो, सीलबंद नथीचा फोटो, बाजूबंदावरच्या रेषांचे फोटो आणि आपल्या वर्णनाचा स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपल्या ग्राहक,
वधूशृंगाराचे काम करणाऱ्या दोघी
(सह्या)