प्रतिकारशक्तीच्या गोळीमागचा तांब्याचा हिशेब

मा. संपादक,

महोदय,

‘प्रतिकारशक्तीसाठी झिंक घ्या’ हा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून वाचायला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. झिंक, म्हणजे जस्त, किती दिवस आणि किती घ्यायचे हे त्यात क्वचितच असते. जास्त झिंक सतत पोटात गेले की शरीरातले तांबे कमी होते आणि त्या कमतरतेत आधी घसरतात त्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हे तर कुठेच नसते.

झिंकचे काम खरे आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी-पेशी या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात. या ग्रंथीतले थायम्युलिन हे संप्रेरक झिंकचा अणू जोडला गेल्याशिवाय कामच करत नाही. झिंक कमी पडले की ग्रंथी आक्रसते, टी-पेशी घटतात, जुलाब आणि फुप्फुसांचे संसर्ग वाढतात. कमतरता भरून काढली की हे सुधारते. मात्र ज्याच्या शरीरात झिंक पुरेसे आहे, त्याने दुप्पट घेतल्याने प्रतिकारशक्ती दुप्पट होत नाही. भरलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखेच ते.

प्रौढाला दिवसाला साधारण 8 ते 11 मिलिग्रॅम झिंक लागते. आहारात धान्य-कडधान्यांचाच भरणा असेल तर जास्त, कारण त्यांतले फायटेट झिंकला घट्ट धरून ठेवते आणि आतड्यातून शोषू देत नाही. शंभर ग्रॅम शिजवलेल्या मसुरात किंवा हरभऱ्यात सव्वा ते दीड मिलिग्रॅम झिंक असते. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, भोपळ्याच्या बियांत किंवा तिळात दोन मिलिग्रॅमच्या थोडे वर. शंभर ग्रॅम शिजवलेल्या लाल मांसात चार ते सहा, आणि तिथे फायटेट नसल्याने त्यातले बरेचसे अंगी लागते. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले, मोड आणले किंवा पीठ आंबवले की दाण्यातलेच फायटेज हे विकर आणि आंबवणारे जंतू फायटेट फोडतात. शाकाहाऱ्याने झिंकच्या बाटलीकडे वळण्याआधी हे करून पाहावे.

अन्नातल्या झिंकने तांबे कमी होण्याची वेळ सहसा येत नाही. एक तर मात्रा लहान असते. दुसरे म्हणजे तीळ, भोपळ्याच्या बिया आणि डाळी झिंकबरोबर तांबेही आणतात. गोळीत बहुधा एकटे झिंकच असते.

आतड्यात नेमके काय बिघडते ते पाहू. आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत झिंक भरपूर आले की ती मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवते. ते बनते झिंकमुळे, पण तांब्याला झिंकपेक्षा अधिक घट्ट पकडते. जेवणातून आलेले तांबे त्या पेशीतच अडकते, रक्तात उतरत नाही. अस्तराच्या पेशींचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. पेशी गळून पडते आणि तांबे शौचावाटे निघून जाते. रोज गोळी, रोज हाच प्रकार. विल्सनच्या आजारात यकृतात तांबे साचते, तेव्हा डॉक्टर 50 मिलिग्रॅम झिंक दिवसातून तीनदा देतात ते याच कारणाने. तिथे जे औषध, तेच निरोगी माणसाला अपाय.

अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा 40 मिलिग्रॅम आहे. अन्न आणि गोळी दोन्ही धरून. हा आकडा आला कुठून? गोळीतून 50 आणि आहारातून सुमारे 10, असे 60 मिलिग्रॅम झिंक घेणाऱ्या स्त्रियांमध्ये दहा आठवड्यांत लाल पेशींमधल्या तांब्यावर चालणाऱ्या एका विकराचे काम मंदावलेले दिसले. त्या 60 ला दीडने भागून 40 ठरवले. युरोपात मर्यादा याहून कमी, 25 आहे.

आता वेष्टनाकडे पाहा. ‘झिंक सल्फेट 220 मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष झिंक 50 मिलिग्रॅम. ‘झिंक ग्लुकोनेट 50 मिलिग्रॅम’ म्हणजे मात्र जेमतेम 7. क्षाराचे वजन लिहिले आहे की मूळ झिंकचे, हे वाचल्याशिवाय हिशेब लागत नाही.

समजा, कोणी ती 220 ची गोळी रोज घेतो आणि जोडीला 15 मिलिग्रॅम झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिन. 65 झाले, जेवणातले 10 धरले तर 75. आठवडाभर चालले तर काही बिघडत नाही. आठ-दहा महिने चालले तर थकवा येतो, हिमोग्लोबिन उतरते. लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि उपयोग होत नाही, कारण साठ्यातले लोह बाहेर काढून रक्तात फिरवायला तांब्यावर चालणारी प्रथिने लागतात. रक्ताच्या याच अहवालात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी आणि प्लेटलेट बहुधा ठीक, हे दिसले तर थबकावे. साध्या लोहाच्या कमतरतेत न्यूट्रोफिल असे घसरत नाहीत. पुढे मज्जारज्जूला इजा होऊन तळपाय बधिर होतात, अंधारात किंवा डोळे मिटून तोल जातो. चित्र हुबेहूब बी-12 च्या कमतरतेचे, पण बी-12 तपासले तर पुरेसे. अस्थिमज्जेचा नमुना घेतला तर तो मायलोडिस्प्लेसियासारखा, म्हणजे रक्ताच्या गंभीर आजारासारखा दिसू शकतो. औषधांची यादी विचारताना ‘व्हिटॅमिनच्या गोळ्या’ कोणी मोजत नाही, तिथेच निदान हुकते.

तपासण्या तीन: रक्तातले तांबे, ते वाहून नेणारे सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन आणि झिंक. पहिली दोन खाली आणि तिसरे वर, म्हणजे उत्तर मिळाले. एक अडचण आहे. अंगात दाह असेल, गरोदरपण असेल किंवा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे औषध चालू असेल तर सेरुलोप्लाझ्मिन आपोआप वाढते आणि कमतरता झाकली जाते.

उपाय म्हणजे झिंक बंद करणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली तांबे देणे. शरीरातले जादा झिंक लगेच ओसरत नाही, म्हणून सुधारणेला वेळ लागतो. रक्त साधारण एक ते तीन महिन्यांत सावरते. मज्जारज्जूला झालेली इजा पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. चालण्यातला अडखळेपणा राहू शकतो. म्हणून पाय बधिर होईपर्यंत थांबू नये.

हे सर्व महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोठ्या मात्रेबद्दल आहे. मुलांच्या जुलाबात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले 10 ते 14 दिवसांचे झिंक कोणी या भीतीने थांबवू नये. आणि दीर्घकाळ मोठी मात्रा द्यायचीच असेल तर काय करावे, याचा दाखला डोळ्यांच्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, आजारावरील अमेरिकी संशोधनात आहे: तिथे रोज 80 मिलिग्रॅम झिंक दिले, पण त्याच मिश्रणात 2 मिलिग्रॅम तांबे मुद्दाम घातले होते.

आपल्या पुरवणीत झिंकचा सल्ला पुन्हा छापायचा झाल्यास मूळ झिंकची मात्रा, किती दिवस घ्यायचे आणि 40 ची मर्यादा, एवढे तरी त्याच चौकटीत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, आहारतज्ज्ञ