व्हायवासाठी एकच खटला नीट

पुणे, १२ एप्रिल

प्रिय समीर,

परवा फोनवर तू म्हणालास की प्रशासकीय कायद्याच्या व्हायवासाठी पन्नास खटल्यांची यादी काढली आहेस आणि रात्री जागून नावं पाठ करतो आहेस. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. यादी आता बाजूला ठेव. नैसर्गिक न्यायावर, म्हणजे कुणी आपल्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये आणि दुसऱ्या बाजूचं ऐकावं या नियमांवर, तुला प्रश्न येणारच, आणि त्यात पक्षपाताचा भाग आला की क्रायपाकचा खटला येणार. तो एक खटला मुळापासून समजून घे. गेल्या वर्षी मी नेमका तिथेच अडकलो होतो.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी जर्नल उघडली, क्रायपाकच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यात काय झालं होतं?" मी धाडकन सांगितलं, "सर, निवड मंडळातला माणूस स्वतःच उमेदवार होता आणि त्याने स्वतःचीच निवड केली." त्यांनी मान वर करून विचारलं, "स्वतःच्या नावाच्या वेळी तो तिथे बसला होता?" मी हो म्हणालो. ते चूक होतं, आणि त्या एका चुकीमुळे पुढचे चारही प्रश्न माझ्या हातून गेले.

खरी हकीकत अशी. जम्मू-काश्मीरच्या वनखात्यातल्या अधिकाऱ्यांमधून भारतीय वनसेवेसाठी निवड करायची होती. त्यासाठीच्या मंडळात राज्याचे मुख्य वनसंरक्षक पदसिद्ध होते आणि त्या वेळी त्या पदावर काम पाहणारे नकीशबंद स्वतःही उमेदवार होते. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते मंडळात बसले नाहीत. पण इतरांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा ते होते, आणि त्या इतरांमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धीही होते. यादी तयार झाली तेव्हा नकीशबंद पहिल्या क्रमांकावर होते आणि ते प्रतिस्पर्धी यादीबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. निकाल १९६९ चा, पण एआयआर या निकालसंग्रहात १९७० सालात छापलेला, म्हणून पुस्तकांत दोन्ही वर्षं दिसतात. परीक्षकाने वर्ष विचारलं तर दोन्ही सांग.

आता परीक्षक तुला कुठे पकडतील ते सांगतो. पहिला प्रश्न हमखास हा: "स्वतःच्या वेळी तो बाजूला झाला होता ना, मग बिघडलं काय?" उत्तर दोन वाक्यांत दे. "जागा मोजक्या होत्या, म्हणून दुसऱ्याला वगळलं की स्वतःची वाट मोकळी होते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना तोलताना तो आपल्याच प्रकरणात न्यायाधीश झाला." एवढं बोलून थांब. मला वाटतं, अर्ध्याहून जास्त मुलं इथेच घसरतात, कारण त्यांनी खटल्याचा फक्त सारांश वाचलेला असतो.

दुसरा प्रश्न: "त्याने खरोखर पक्षपात केला, हे सिद्ध झालं का?" इथे हो म्हणू नकोस. न्यायालयाने तसं शोधलंच नाही. कुणाच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून पक्षपाताची रास्त शक्यता होती का, एवढंच पाहिलं जातं. मंडळातल्या इतरांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं की त्याने आमच्यावर प्रभाव टाकला नाही. न्यायालयाचं म्हणणं असं की एकत्र बसून ठरवताना प्रत्येक जण दुसऱ्यावर नकळत परिणाम करतो, त्यामुळे तेवढ्याने भागत नाही.

तिसरा: "अंतिम शिफारस केंद्रीय लोकसेवा आयोगाची होती, मंडळाची नव्हती. मग?" उत्तर असं, की आयोगाने मंडळाच्या शिफारशीच्या आधारावरच आपली शिफारस केली, म्हणून पायाच बिघडला तर वरचं टिकत नाही.

आणि मग मोठा प्रश्न: "हे प्रशासकीय काम होतं की अर्धन्यायिक?" आधीचा समज असा होता की नैसर्गिक न्याय फक्त न्यायिक आणि अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालय नसूनही न्यायालयासारखा निवाडा देण्याच्या, कामाला लागतो. क्रायपाकमध्ये न्यायालयाने म्हटलं की या दोन्हींमधली रेषा आता पुसट होत चालली आहे आणि प्रशासकीय निर्णयही न्याय्यच असायला हवा. मात्र ही तत्त्वं कायद्याची जागा घेत नाहीत, त्यातली पोकळी भरून काढतात. हे शेवटचं वाक्य तू आपणहून म्हण. परीक्षकाला मर्यादा माहीत असलेला विद्यार्थी आवडतो.

मर्यादेचा दुसरा भाग मी त्या दिवशी शिकलो. परीक्षक म्हणाले, "समजा पालिकेच्या शाळेसाठी शिक्षक निवडायची समिती आहे, एका सदस्याचा पुतण्या उमेदवार आहे. त्याच्या मुलाखतीपुरता काका बाहेर गेला तर पुरे का?" मी हो म्हणालो, पण ते पुरेसं नाही. साधी निवड समिती असेल तर काकाने पूर्णच बाजूला व्हावं, त्याच्या जागी दुसरा सदस्य नेमता येतो. आता हीच गोष्ट राज्य लोकसेवा आयोगाची मान. तिथे सदस्याच्या जागी बाहेरचा माणूस बसवता येत नाही, कारण ते घटनात्मक पद आहे. म्हणून अशोककुमार यादव खटल्यात, १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या नातलगाच्या मुलाखतीपुरतं आणि त्याच्या गुणवत्तेच्या चर्चेपुरतं दूर राहणं पुरेसं आहे. याला आवश्यकतेचं तत्त्व म्हणतात. फरक कशावर ठरतो? दुसरा माणूस मिळू शकतो का, यावर. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं की दोन्ही खटले डोक्यात वेगळे राहतात.

एक फसवा प्रश्न असाही येतो: "उमेदवाराला आधीच माहीत होतं, तरी तो गुपचूप मुलाखत देऊन आला आणि नापास झाल्यावर कोर्टात गेला, तर?" इथे जी. सरना विरुद्ध लखनौ विद्यापीठ, १९७६, सांग. माहीत असूनही आक्षेप घेतला नाही, तर नंतर तक्रार करता येत नाही, हक्क सोडल्यासारखं होतं. तेव्हा समस्या सोडवताना आधी विचार: त्याला कधी कळलं, आणि कळल्यावर त्याने काय केलं.

दुसऱ्या बाजूचं ऐकण्याच्या नियमावर मी आज लिहीत नाही. तिथे तुझी मेनका गांधी खटल्याची तयारी पक्की आहे, फक्त एवढं पाहा की त्यांचा पासपोर्ट १९७७ मध्ये जप्त झाला आणि निकाल १९७८ चा आहे.

तयारीची पद्धत मी बदलली ती अशी. अप्पा बळवंत चौकातून कोरी कार्डं आणली. प्रत्येक कार्डावर पुढे फक्त घटना लिहिली, त्या खटल्यातल्या माणसांना खरोखर काय झालं ते. मागे परीक्षकाचा संभाव्य उलटप्रश्न. निकाल कुठेच लिहिला नाही. घटना मोठ्याने सांगत गेलो की निकाल आपोआप तोंडात येतो, आणि आला नाही तर घटनाच नीट कळलेली नाही हे लगेच समजतं.

रविवारी सकाळी सहाला हनुमान टेकडीच्या पायथ्याशी ये. वर चढेपर्यंत मी परीक्षक होतो, तू उत्तरं दे. कार्डं तू आण, फक्त पहिली दहा.

तुझा,
निखिल